रिंग बंद का होत नाही: शटल टॅटिंगचा डबल टाका, चेन आणि पिकोचा जोड

प्रश्न : "मी सांगलीची. बहिणीच्या रुखवतासाठी ट्रेवर घालायच्या रुमालाला टॅटिंगची लेस करतेय. शटल आणि २० नंबरचा क्रोशाचा दोरा आणलाय. क्रोशा येतो. डबल टाका दिसायला बरोबर दिसतो, पण रिंग ओढली की बंदच होत नाही, जास्त ओढली तर दोरा तुटतो. आणि एक रिंग दुसरीला पिकोने जोडून मध्ये चेन कशी घ्यायची तेही कळत नाहीये."

उत्तर : टाका चुकीच्या दोऱ्यावर बसतोय. शटलचा दोरा फिरवून तुम्ही गाठ मारता, पण ती गाठ शटलच्या दोऱ्याची राहता कामा नये. ती हातावरच्या दोऱ्याची झाली पाहिजे आणि शटलचा दोरा तिच्या पोटातून सरळ, मोकळा गेला पाहिजे. रिंग बंद होते ती हा सरळ दोरा टाक्यांमधून सरकतो म्हणून. एक जरी अर्धा टाका उलटला नाही, तर तिथे शटलचा दोरा हातावरच्या दोऱ्याला गुंडाळून बसतो आणि खरी गाठ पडते. मग कितीही ओढा, दोरा त्या जागेपर्यंत येतो आणि थांबतो. म्हणून आधी ही पलटी पक्की करू, मग रिंग, आणि शेवटी जोड.

शिकायला दोन रंगांचे दोरे घ्या आणि रिंगऐवजी चेनपासून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी रिंग आधी शिकवतात. पण रिंगमध्ये हातावरचा आणि शटलचा दोरा एकच असतो, रंगही एकच, त्यामुळे पलटी झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. चेनमध्ये दोन दोरे वेगळे असतात, त्यामुळे लगेच दिसतं. शटलमध्ये लाल दोरा भरा, हातावर घ्यायला पांढऱ्याचा गुंडा ठेवा. शटलमध्ये दोरा भरताना तो पात्यांच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. जास्त भरला तर टोकं एकमेकांपासून फाकतात आणि काम करताना दोरा आपोआप सुटत राहतो. टोकं नीट मिटलेली असली की दोरा ओढताना टिक असा आवाज येतो आणि हवा तेवढाच दोरा सुटतो.

लाल आणि पांढऱ्याची टोकं एकत्र बांधा. ती गाठ डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरा. पांढरा दोरा डाव्या हाताच्या बाकीच्या बोटांच्या पाठीवरून न्या आणि करंगळीला दोन-तीन वळसे द्या, म्हणजे तो हवा तेव्हा ताणता येईल आणि हवा तेव्हा ढिला सोडता येईल. मधलं बोट वर उचललं की पांढरा दोरा ताठ होतो, खाली केलं की ढिला पडतो. हे मधलं बोट नीट चाललं की निम्मं टॅटिंग आलं. शटल उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत आडवं, टोक डावीकडे करून धरा. चिमटीपासून शटलपर्यंत साधारण एक वीत लाल दोरा मोकळा असू द्या.

आता पहिला अर्धा टाका. लाल दोरा उजव्या हाताच्या बोटांच्या पाठीवर टाका, म्हणजे त्याचा एक सैल वळसा तयार होईल. मधलं बोट उचलून पांढरा दोरा ताठ करा. शटल लाल वळशाखालून आणि ताठ पांढऱ्या दोऱ्याखालून पलीकडे सरकवा. परत आणताना पांढऱ्या दोऱ्यावरून, पण लाल वळशाखालून अलीकडे आणा. शटल हातातून सोडायचं नाही. पांढरा दोरा शटलच्या ज्या बाजूने सरकत असेल, त्या बाजूचं बोट क्षणभर हलकं करायचं, म्हणजे दोरा बोट आणि शटल यांच्यामधून घसरून जातो. दोन-चार दिवस हे अवघड वाटतं, नंतर बोटं आपोआप करतात.

या क्षणाला लाल दोऱ्याने पांढऱ्याला विळखा घातलेला दिसेल. इथेच थांबा, कारण बहुतेकांची चूक इथे होते. टाका घट्ट करायच्या घाईत ते पांढरा दोरा ताठच ठेवतात आणि लाल ओढतात. मग लाल विळखा तसाच आवळला जातो. करायचं ते असं : मधलं बोट पूर्ण खाली करा, पांढरा दोरा अगदी ढिला पडू द्या, आणि मग लाल दोरा उजवीकडे सरळ ताणा. ताणल्याबरोबर विळखा लालवरून निघून पांढऱ्यावर जातो. डोळ्यांदेखत लाल दोरा सरळ होतो आणि पांढरा त्याच्याभोवती वळलेला दिसतो. हीच पलटी. आता लाल दोरा तसाच ताणलेला ठेवून हळूहळू मधलं बोट उचला. पांढरा विळखा लालवरून सरकत चिमटीपर्यंत येईल. तो चिमटीत धरा. विळखा चिमटीत येईपर्यंत लाल दोरा एकदाही ढिला पडता कामा नये. मध्येच ढिला पडला तर टाका पुन्हा उलटा फिरतो.

दुसरा अर्धा टाका याच्या उलट. यावेळी लाल दोरा बोटांच्या पाठीवर घ्यायचा नाही, तो खाली सैल सोडायचा. शटल पांढऱ्या दोऱ्यावरून पलीकडे न्यायचं आणि परत येताना पांढऱ्याखालून, पण लोंबणाऱ्या लाल दोऱ्यावरून अलीकडे आणायचं. नंतर तेच : मधलं बोट खाली, लाल दोरा ताठ, पलटी झाली की बोट वर आणि विळखा पहिल्या अर्ध्याला खेटून चिमटीत. दोन अर्धे मिळून एक डबल टाका झाला. नीट बसलेला डबल टाका पाहिला तर त्याला शेजारी शेजारी दोन उभे पाय आणि त्यांच्या डोक्यावर एक छोटी आडवी पट्टी दिसते.

असे २० डबल टाके करा आणि मग तपासा. टाक्यांमध्ये सगळीकडे फक्त पांढरं दिसलं पाहिजे, लाल दोरा आत सरळ गेलेला असला पाहिजे. जिथे लाल ठिपका वर आलाय, तिथे पलटी झालेली नाही. आता लाल दोरा ओढा. सगळे टाके त्यावर सरकून दाटतील आणि पट्टी कमानीत वळेल. ही तुमची चेन. लाल दोरा कुठे अडला, तर अडलेल्या टाक्याच्या मुळाशीच चूक आहे. ती सुधारायला शटल ओढत बसू नका, गाठ आणखी आवळते. बोथट टोकाच्या सुईने दुसरा अर्धा सैल करा, शटल उलट मार्गाने परत काढा, मग पहिला अर्धा उलगडा. रंग बदलून किमान दोन-तीन अशा पट्ट्या निर्दोष आल्याशिवाय रिंगला हात लावू नका. टाक्यांचा घट्ट किंवा सैल ताण नंतर सुधारतो. पलटी न झालेला टाका मात्र तसाच राहिला, तर पुढची रिंग बंद होणारच नाही.

टाका मोजताना मुलींचा अजून एक गोंधळ होतो. दोनदा पहिलाच अर्धा घेतला जातो, किंवा दुसराच दोनदा. असं झालं की पट्टी सरळ न राहता स्वतःभोवती पिळत जाते आणि डोक्यावरची आडवी पट्टी त्या जागी दिसत नाही. पट्टी पिळलेली दिसली की दोरा ओढायच्या आधी मागचे टाके बघा.

आता रिंग. इथे हातावरचा दोराही शटलचाच असतो. दोऱ्याचं टोक चिमटीत धरा, दोरा चारही बोटांच्या पाठीवरून फिरवून परत चिमटीत आणा. हाताभोवती एक फेर तयार झाला, आणि चिमटीतून शटलकडे जाणारा दोरा उजवीकडे राहिला. फेर बोटांना घट्ट बसू देऊ नका, मधलं बोट आत मोकळेपणी हललं पाहिजे. टाका अगदी तसाच : फेर म्हणजे मघाचा पांढरा दोरा, शटलचा दोरा म्हणजे लाल. टाके वाढत जातील तसा फेर लहान होत जातो. हात आत मावेनासा झाला की केलेले टाके चिमटीत सैल धरा आणि फेराचा खालचा भाग, चिमटीजवळून, ओढा. शटलचा दोरा टाक्यांमधून सरकून फेरात येतो आणि फेर मोठा होतो. प्रत्येक ५ टाक्यांनंतर हे करून बघायची सवय लावा. दोरा सरकला तर सगळे टाके बरोबर आहेत. अडला तर चूक या शेवटच्या पाच टाक्यांत आहे, आणि पाच टाके उलगडणं २० टाके उलगडण्यापेक्षा फार सोपं आहे. तुमची रिंग शेवटी अडते कारण चूक आधीच झालेली असते आणि ती शेवटी कळते.

पिको म्हणजे दोन टाक्यांच्या मध्ये मुद्दाम सोडलेली मोकळी जागा. शेवटच्या टाक्यानंतर थोडी जागा सोडून पुढचा पहिला अर्धा तिथेच धरा, दुसरा अर्धा घ्या, टाका पूर्ण करा, आणि मग तो पूर्ण टाका मागच्या टाक्याला खेटेपर्यंत सरकवा. मधला दोरा वर उचलला जाऊन छोटा फासा तयार होतो. सोडलेल्या जागेच्या निम्मी पिकोची उंची येते, म्हणजे १० मिमी जागा सोडली तर साधारण ५ मिमीचा पिको. हे लक्षात ठेवा की पिको स्वतः टाका नाही. पिकोनंतर जो टाका पूर्ण केला, तो पुढच्या पाचांतला पहिला. '५ – ५' असं लिहिलेलं असतं, तेव्हा मधली रेघ म्हणजे पिको, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच डबल टाके. पिकोनंतरचा टाका मोजायचा राहून गेला की एका बाजूला सहा टाके पडतात आणि रिंग एकीकडे झुकते.

पिको सारखे यावेत म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची एक पट्टी कापा. जोडाच्या पिकोला ६ मिमी रुंद, शोभेच्या पिकोला १० मिमी. टाका झाला की पट्टी शेजारी आडवी धरायची आणि पुढचा टाका पट्टीच्या दुसऱ्या कडेला घ्यायचा. जोडाचा पिको यापेक्षा मोठा ठेवला तर दोन रिंगांमध्ये सैल भोक दिसतं. फार लहान ठेवला तर क्रोशाची सुई आत जात नाही आणि जबरदस्तीत दोरा फाटतो. जोडाला ०.७५ किंवा १ मिमीची स्टीलची बारीक सुई लागते. तुमच्या शटलच्या टोकाला आकडी असेल तर वेगळी सुई नको.

आता तुमच्या रुमालाचंच उदाहरण घेऊ. ट्रेच्या रुमालाच्या दोन आखूड बाजूंना लेस लावायची, प्रत्येक बाजू ३० सेंमी, असं धरू. कोपरे वळवावे लागत नाहीत, म्हणून पहिल्या कामाला हे सोयीचं. रिंग घ्या ५ – ५ – ५ – ५, म्हणजे २० टाके आणि तीन पिको. पहिला आणि तिसरा पिको जोडाचे, लहान. मधला शोभेचा, मोठा. चेन घ्या ७ – ७, म्हणजे मध्ये एक पिको. रिंगेत पिको बरोबर पाव-पाव अंतरावर आले की जोड रिंगेच्या सगळ्यात रुंद जागी पडतो आणि रिंगा एकमेकींना नीट टेकतात.

दोरा कापू नका. गुंड्यातून शटल भरा आणि दोरा तसाच गुंड्याला जोडलेला ठेवा. म्हणजे शटलचा आणि गुंड्याचा दोरा मध्ये अखंड राहतो आणि सुरुवातीला गाठ लागत नाही. शटलपासून पुरेसा मोकळा दोरा सोडून चिमटीत धरा, शटलच्या बाजूच्या दोऱ्याने फेर करा आणि पहिली रिंग करा. गुंड्याचा दोरा चिमटीतून मागे लोंबत राहील. शेवटचे पाच टाके झाले की टाके चिमटीत धरून शटलचा दोरा हळूहळू ओढा. फेर लहान होत होत मिटेल, पहिला आणि शेवटचा टाका एकमेकांना टेकतील. एका झटक्यात ओढू नका. मध्येच थांबून टाके बोटाने सारखे करा आणि पुन्हा ओढा, म्हणजे रिंग थेंबाच्या आकाराची न राहता गोल बसते.

रिंग झाली की काम पालथं करा. वरची बाजू खाली आणि मागची बाजू पुढे येईल असं उलटायचं, म्हणजे आता रिंग खाली लोंबेल आणि तिचं मूळ वर येईल. ते मूळ चिमटीत धरा. आता गुंड्याचा दोरा डाव्या हातावर घ्या, करंगळीला वळसे द्या, आणि मघाच्या लाल-पांढऱ्या सरावासारखी चेन करा. शटलचा दोरा आत, गुंड्याचा दोरा टाक्यांचा. पहिला अर्धा टाका रिंगेच्या मुळाशी अगदी खेटून बसवा. इथे जागा सुटली तर दोन उघडे दोरे दिसतात आणि लेस तिथे ढिली पडते. सात टाके, पिको, सात टाके. मग शटलचा दोरा हलकेच ओढा, चेन थोडी वळेल तेवढंच. चेनीला रिंगेसारखी मिटायची सीमा नसते, त्यामुळे जास्त ओढली तर ती आखडून गोल होते आणि कमी ओढली तर टाक्यांच्या मध्ये शटलचा दोरा दिसतो. पहिली चेन जशी ओढली, तशाच बाकीच्या ओढा.

पुन्हा काम पालथं करा. आधीची रिंग आता वर, डाव्या बाजूला आली. नवीन रिंगसाठी शटलच्या दोऱ्याने फेर घ्या, चेनीच्या शेवटाला खेटून पहिले पाच टाके करा. आता जोड. आधीच्या रिंगेचा तिसरा पिको, म्हणजे तुमच्या सगळ्यात जवळचा, हाताच्या फेरावर आणा. फेराचा दोरा पिकोच्या मागून जाईल अशी रचना करा. सुई पिकोमधून खाली घाला, फेराचा दोरा पकडा आणि पिकोतून वर ओढून छोटा फासा काढा. शटल जाईल एवढा तो मोठा करा. शटल त्या फाशातून पार करा. आता मधलं बोट उचलून फेर ताणा, म्हणजे फासा लहान होत जाईल आणि पिकोत बसेल. घट्ट करायचं ते फेराचा दोरा ताणून. शटलचा दोरा सरळ आणि ताठ धरलेला असू द्या, पण ओढाओढ त्याने करायची नाही.

जोडात दोन चुका होतात आणि दोन्हींचा परिणाम एकच, रिंग बंद होत नाही. पहिली, फेराऐवजी शटलचा दोरा पिकोतून वर ओढला जातो. मग शटलचा दोरा पिकोला अडकून कायमचा थांबतो. चेनीत कधी कधी मुद्दाम असा जोड घेतात, पण रिंगेत चालत नाही. दुसरी, फासा घट्ट करताना शटलचा दोरा आधी ओढला जातो आणि तो फाशाबरोबर वर खेचला जाऊन वाकडा होतो. म्हणून जोड घेतल्यावर पुढचा टाका घेण्याआधी फेर मोठा करून बघायचा. शटलचा दोरा सरकला तर पुढे जा. नाही सरकला तर फासा आत्ताच सोडवता येतो. पुढे पंधरा टाके झाल्यावर तो सोडवणं कठीण.

जोडानंतर पाच पूर्ण डबल टाके घ्या. काही जण जोडालाच पहिला अर्धा टाका धरतात आणि त्यानंतर फक्त दुसरा अर्धा घेतात. तीही रीत चालते, पण एका लेसेत एकच रीत ठेवा, नाहीतर रिंगा लहानमोठ्या येतात. मग मोठा पिको, पाच टाके, लहान पिको, पाच टाके, रिंग बंद, काम पालथं, चेन ७ – ७. एवढंच पुन्हा पुन्हा.

एक रिंग आणि एक चेन मिळून एक घर. अशी चार घरं झाली की थांबून पट्टी टेबलावर ठेवा. ती सरळ पडली पाहिजे. रिंगा बाहेर पसरून पट्टी चेनीच्या बाजूला वाकत असेल, तर चेन कमी पडतेय. एकेक टाका वाढवून ८ – ८ करा. चेनी फुगून टेबलावरून वर उचलत असतील, तर ६ – ६ करा. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, म्हणून नमुन्यात दिलेला आकडा तसाच्या तसा चालेल असं धरू नका. मग मोजा. समजा चार घरं ५ सेंमी भरली, म्हणजे एक घर सव्वा सेंमीचं. ३० सेंमीला २४ घरं, म्हणजे २४ रिंगा आणि मधल्या २३ चेनी.

शटल किती भरायचं तेही आधीच काढा. रिंगेत टाके, पिको आणि आतला दोरा हे सगळं शटलमधून जातं. चेनीत शटलमधून फक्त आतला सरळ दोरा जातो, टाके गुंड्यातून होतात. त्यामुळे शटल रिंगांमुळे रिकामं होतं. एक मीटरचा तुकडा वेगळा कापून त्यावर एक रिंग करा आणि उरलेला दोरा मोजा. समजा रिंगेला २२ सेंमी लागला आणि एका चेनीच्या आतल्या दोऱ्याला २ सेंमी, तर एका घराला २४ सेंमी. २४ घरांना साधारण पावणेसहा मीटर. हातात धरायला सुरुवातीला आणि शेवटी दोरा हवा, म्हणून ७ मीटर भरा. एवढा दोरा साध्या शटलमध्ये मावतो आणि पूर्ण बाजूत मध्ये गाठ येत नाही. दोरा कधी संपलाच, तर नवा दोरा रिंग आणि चेन यांच्या मधल्या जागी जोडा, रिंगेच्या पोटात कधीच नको. रिंगेत गाठ असली की ती टाक्यांमधून सरकत नाही.

काम करता करता शटलच्या दोऱ्याला पीळ चढतो. तो आपोआप वेटोळं घ्यायला लागला की शटल हातातून खाली लोंबू द्या, ते स्वतः फिरून पीळ काढेल. पीळ जास्त चढलेला दोरा पलटी होऊ देत नाही आणि मग पुन्हा तुमच्यासारखी अडचण येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हाताला घाम येतो, त्यानेही दोरा चिकटून टाका सरकत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. स्वयंपाक करता करता मध्ये टॅटिंग घेऊ नका, हळदीची बोटं पांढऱ्या पिकोला लागली की डाग सहज जात नाही.

दोऱ्याबद्दल थोडं. २० नंबरचा पीळदार सुती दोरा शिकायला चांगला. भरतकामाचा सहा पदरी रेशमी दोरा घेऊ नका, पदर सुटतात आणि सुई पदरांमध्ये अडकते. लोकर ताणली जाते, पिको सारखे येत नाहीत. रुखवतात जरी हवी असा आग्रह असतो, पण रिंगेत जरीचा दोरा आत सरकताना खरवडतो आणि तुटतो. जरी हवीच असेल तर गुंड्याच्या जागी घ्या, म्हणजे ती फक्त चेनीच्या टाक्यांत येईल आणि तिला सरकावं लागणार नाही. मात्र मग दोरे अखंड राहणार नाहीत, सुरुवातीला गाठ मारून टोकं नंतर शिवून लपवावी लागतील.

चुकीची रिंग बंद होऊन बसली तर लगेच कात्री लावू नका. रिंगेतला मोठा पिको शोधा, त्याच्या दोन्ही बाजूंचे टाके अंगठ्यांनी धरून विरुद्ध दिशांना हळू ताणा. पिकोखाली आतला दोरा थोडा उघडा पडेल. तो सुईने धरून बाहेर ओढत राहा, दोन्ही बाजूंचे टाके सैल होत जातील आणि रिंगेच्या मुळाशी फेर पुन्हा उघडेल. यात पिको नसलेली रिंग फार त्रास देते. म्हणून शिकताना प्रत्येक रिंगेत निदान एक मोठा पिको ठेवा.

पूर्ण पट्टी झाली की शेवटी १० सेंमी दोरे ठेवून कापा. दोन्ही टोकं एकदा बांधा आणि बारीक सुईने शेवटच्या चेनीच्या मागच्या बाजूने तीन-चार टाक्यांच्या पायांमधून शिवून आत लपवा, मग उरलेलं कापा. टोक गाठीजवळून लगेच कापलं तर पहिल्या धुण्यात गाठ सुटते. लेस साध्या साबणाच्या कोमट पाण्यात हलकी धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. उशीवर पांढरं कापड पसरून ओल्या लेसेचा प्रत्येक मोठा पिको टाचणीने ताणून लावा. टाचण्या गंजणाऱ्या नकोत, ओल्या दोऱ्यावर गंजाचा डाग राहतो. रुखवतात लेस ताठ दिसावी म्हणून साबुदाण्याची अगदी पातळ, गाळलेली खळ बोटाने लावू शकता. दाट खळीने पिकोची भोकं बुजतात. पूर्ण वाळल्यावर टाचण्या काढा आणि चेनीचा मधला पिको रुमालाच्या दुमडलेल्या कडेला त्याच रंगाच्या शिवणदोऱ्याने दोन-दोन टाके घालून जोडा. आधी पहिला आणि शेवटचा पिको टाचून घ्या, मग मधला, आणि उरलेले त्यांच्या मध्ये सारखे वाटा. एका टोकापासून शिवत गेलात तर शेवटी लेस किंवा कापड उरतं.